मुलीच्या कार्डाला अब्बांचे उत्तर

ईदच्या आधीच्या आठवड्यात शाळेतल्या मुलांच्या दप्तरांत कार्डशीटचे तुकडे, चकाकी आणि डिंकाची बाटली हमखास सापडते. घरोघरी कार्डे बनतात आणि ईदच्या सकाळी अम्मी-अब्बांच्या हातात पडतात. आईबाप ते उलटून पाहतात, "वा, फार छान" म्हणतात, मोबाईलवर फोटो काढतात. मग पाहुणे येतात आणि कार्ड टीव्हीच्या मागे किंवा फ्रिजवर जाते. पावसाळ्यापर्यंत ते कुठे गेले हे कोणालाच आठवत नाही.

कार्डाला लेखी उत्तर देणारे घर विरळाच. त्याचे एक कारण भाषेत आहे. मराठीत "आभार" हा शब्द सभेत शोभतो. पाहुण्यांचे आभार मानतात, लेकराचे कोण मानते? बाप मुलीला "मी तुझा आभारी आहे" असे लिहू लागला तर दोघांनाही अवघडल्यासारखे होईल. आम्हाला वाटते, हा शब्द वापरायची गरजच नाही. घरात "शुक्रिया" चालत असेल तर तो पुरे, आणि तोही न लिहिता चालते. कार्ड मिळाले, नीट पाहिले, त्यात काय दिसले आणि ते मिळाल्यावर काय झाले एवढे लिहिले की आभार पोहोचतात. असे उत्तर कसे लिहावे आणि ते पंचवीस वर्षे टिकावे म्हणून काय करावे, हे एका घराच्या उदाहरणावरून सांगतो. त्या घराची परवानगी आहे. नावे मात्र गाळली आहेत. मुलीला तिच्या घरच्या लाडक्या नावाने, मुन्नी म्हणूनच ओळखू.

कार्डावर काय होते

मुन्नी तिसरीत, मराठी माध्यमात शिकते. घर कोकणातले. अब्बा दोहा शहरात नोकरीला. गेल्या ईदचे कार्ड तिने शेजारच्या एका चाचांबरोबर पाठवले, कारण ते त्याच आठवड्यात तिकडे परतणार होते.

कार्ड म्हणजे मधोमध दुमडलेला एक जाड कागद. वर चॉकलेटच्या रुपेरी कागदाचा चांद चिकटवलेला. आत घराचे चित्र: खाली हिरवी पट्टी, वर निळी पट्टी आणि मध्ये घर. घराला समोरची भिंत नव्हती, त्यामुळे आतले सगळे दिसत होते. अम्मी गॅसजवळ, दादी जानमाजवर आणि धाकटा भाऊ दादीच्या पाठीवर. वर एक विमान आणि त्यात विमानापेक्षा मोठा एक माणूस. खाली लिहिले होते: "अब्बा ईद मुबाकर. शीरखुर्मा ठेवला आहे. कधी येणार?" मागच्या बाजूला "मुन्नी कार्ड कंपनी, किंमत 10 रुपये."

हे चित्र पाहून घरातल्या मोठ्यांना हसू आले होते. पण त्यातली एकही गोष्ट चुकून झालेली नाही. मुलांच्या चित्रांचा अभ्यास करणारे व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात साधारण सात ते नऊ वर्षांच्या मुलांच्या चित्रांची हीच लक्षणे सांगितली आहेत. या वयात मूल कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ ओढते आणि सगळे तिच्यावर उभे करते. आकाश वरच्या पट्टीत असते. आतले दाखवायचे असेल तर भिंत काढूनच टाकते. आणि ज्याचे महत्त्व जास्त, त्याचा आकार मोठा. मुन्नीला विमान काढायचे नव्हते, अब्बा काढायचे होते. विमान फक्त त्यांना आणण्यापुरते होते.

म्हणून उत्तर लिहिण्याआधीचे पहिले काम म्हणजे कार्ड नीट पाहणे. न समजलेल्या गोष्टीवर अंदाज बांधू नये, मुलाला विचारावे. "हे काय आहे?" असे विचारले तर मुलाला वाटते की चित्र ओळखू आले नाही. "यात काय काय चालले आहे, सांग ना," असे म्हटले की ते पुष्कळ बोलते.

पहिला मसुदा

अब्बांनी लगेच उत्तर लिहिले होते. त्याचा मोबाईलवर आलेला फोटो मुन्नीच्या अम्मीने आम्हाला शाळेत आणून दाखवला. अब्बांचे शिक्षण उर्दू माध्यमातले, म्हणून मजकूर उर्दूत होता. मुन्नी अजून उर्दूची अक्षरे जोडून वाचते, तेव्हा तो आमच्याकडून मराठीत उतरवून हवा होता. त्याचा अर्थ असा: "फार सुंदर कार्ड आहे, शाब्बास. तू माझी सर्वांत हुशार मुलगी आहेस. मुबारक असे लिहितात, मुबाकर नाही. मन लावून अभ्यास कर, अम्मीला त्रास देऊ नको. पुढच्या ईदला नक्की येतो."

पाच वाक्ये, आणि पाचही मायेने लिहिलेली. पण मुन्नीने ती मोठी झाल्यावर पुन्हा वाचली तर तिला काय मिळेल? पहिले वाक्य कुठल्याही कार्डाला चालेल. चांदाचा, घराचा, विमानाचा त्यात उल्लेख नाही. दुसरे वाक्य कार्डाविषयी नाहीच, तिच्या बुद्धीविषयी आहे. तिसऱ्यात कार्डाची वही तपासली गेली. चौथ्यात उपदेश आला, आणि उपदेश आला की उत्तर देणाऱ्याची नजर कार्डावरून उठते.

सर्वांत अवघड होते पाचवे. कार्डात तीन गोष्टी लिहिल्या होत्या, त्यांतला प्रश्न एकच: कधी येणार? अब्बांचा करार दोन वर्षांचा आणि रजा केव्हा मिळेल हे त्यांच्या हातात नव्हते. "नक्की येतो" हे बोलण्यात विरून जाते, कागदावर लिहिले की राहते. ईद येईल, अब्बा येणार नाहीत आणि कागद मात्र घरात असेल. जपून ठेवायच्या पत्रात पाळता न येणारे वचन लिहिले तर मुलगी ते वचनही जपून ठेवते. आम्ही अम्मीला एवढेच सांगितले की हे वाक्य तसेच मराठीत उतरवू नका. त्यांनाच पुन्हा लिहायला सांगा, देवनागरीत, कागदावर, स्वतःच्या हाताने.

लिहिण्याआधी अब्बांना तीन गोष्टी ठरवायच्या होत्या. कार्ड हातात आले तेव्हा ते कुठे होते आणि त्यांनी काय केले. कार्डात त्यांनी काय पाहिले. आणि ते कसे बनले. शेवटची माहिती अब्बांकडे नव्हती, ती अम्मीने फोनवर दिली: चांदाचा कागद कुठून आला, तो सपाट कसा केला. ही चौकशी सोडू नये. मुलाने किती खटपट केली हे मुलाला ठाऊक असते. ते आपल्यालाही कळले आहे, हे त्याला पत्रातून कळते.

पत्र

चार दिवसांनी लिहिलेले उत्तर असे होते. मुन्नीच्या संमतीने ते पूर्ण देत आहोत.

"दोहा, शुक्रवार, 4 एप्रिल 2025

प्यारी मुन्नी,

अस्सलामु अलैकुम.

तुझं कार्ड मला ईदच्या दोन दिवस आधी मिळालं. चाचांनी ते वहीत ठेवून आणलं, म्हणून दुमडलं नाही. मी ते लगेच उघडलं नाही. ड्युटी संपली, आंघोळ केली, मग खाटेवर बसून उघडलं.

चांद पाहिला तेव्हा वाटलं, हा कागद मी कुठेतरी पाहिलाय. मग आठवलं, मीच पाठवलेल्या चॉकलेटचा आहे. अम्मी म्हणाली, तू तो कितीतरी दिवस पुस्तकात दाबून ठेवला होतास आणि चमच्याच्या पाठीने घासून सपाट केलास. त्याला एकही सुरकुती नाही.

घराची भिंत तू काढली नाहीस, म्हणून मला आतलं सगळं दिसलं. दादी नमाज पढतेय आणि छोटा तिच्या पाठीवर चढलाय. तो खरंच असं करतो का? मी गेलो तेव्हा तो रांगत होता. विमानातला मी विमानापेक्षा मोठा आहे, ते मला फार आवडलं.

इथे ईद तुमच्या एक दिवस आधी झाली. नमाजहून आल्यावर खोलीतल्या सगळ्यांनी तुझं कार्ड पाहिलं. एकाने मागची किंमत वाचली आणि पाकिटातून दहा रुपयांची नोट काढून दिली. ती या पत्राबरोबर पाठवली आहे. तुझ्या कंपनीची पहिली कमाई.

तू विचारलंस, कधी येणार. मला अजून तारीख माहीत नाही. सुट्टी मागितली आहे. तारीख कळेल त्या दिवशी अम्मीच्या आधी तुला सांगीन. तोवर माझ्यासाठी शीरखुर्मा ठेवू नकोस, खराब होईल. तू खा, आणि कसा झाला होता ते मला लिही.

कार्ड माझ्या कागदपत्रांच्या फाइलीत, पासपोर्टजवळ ठेवलंय.

तुझा अब्बा"

सहीखाली त्यांनी एक ओळ उर्दूत लिहिली. ती मुन्नीला अजून सहज वाचता येत नाही. अम्मीने ती वाचून दाखवायला नकार दिला: स्वतः वाचायला शीक, मग कळेल. ती ओळ आम्हीही इथे देत नाही.

हे पत्र का टिकेल

या पत्रात "हुशार" हा शब्द नाही, "शाब्बास" नाही. तरी आपण केलेले अब्बांनी पाहिले, हे मुन्नीला कळते. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी 1998 साली पाचवीतल्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सोडवल्यावर काही मुलांना "तू हुशार आहेस" म्हटले, काहींना "तू मेहनत घेतलीस" म्हटले. नंतर अवघड कोडी आली आणि जमेनात, तेव्हा हुशारीची स्तुती ऐकलेली मुले लवकर कच खाऊ लागली. पुढची कोडीही त्यांना पहिल्यापेक्षा कमी जमली. प्रयोग कोड्यांचा होता, कार्डांचा नव्हे. पण वर्गात आम्हाला हेच दिसते. "तू मोठी चित्रकार होणार" असे ऐकलेले मूल पुढच्या वेळी कागद खराब होईल म्हणून हात आखडते. चमच्याच्या पाठीने कागद घासला, हे वाक्य तिला काही बनायला सांगत नाही. तिने केले तेच तिला परत दाखवते.

स्पेलिंगची चूक पत्रात आली नाही. "मुबाकर" पुढच्या वर्षी आपोआप "मुबारक" होईल, ते आम्ही वर्गात पाहून घेऊ. खरे तर वीस वर्षांनी त्या घरात सर्वांत लाडका शब्द तोच असेल.

आणि या पत्राचे वाचक दोन आहेत. आठ वर्षांच्या मुन्नीला दहाची नोट आणि कंपनीची कमाई हवी आहे. अठ्ठावीस वर्षांच्या मुन्नीला मात्र दिसेल की अब्बांनी आंघोळ करून, खाटेवर बसून मग कार्ड उघडले, आणि "मी गेलो तेव्हा तो रांगत होता" या वाक्यात काय होते. अब्बांनी मोठ्या मुन्नीसाठी वेगळे काही लिहिले नाही. खरे तपशील लिहिले, त्यात दोघींचे आले. म्हणूनच पत्रावर गाव, वार, तारीख आणि साल घालावे. "ईदच्या दिवशी" एवढेच लिहिले तर कोणती ईद, हे पुढे कोणी सांगू शकत नाही.

लांबी पानभर पुरे. लहान मुलाला एका बैठकीत वाचता आले पाहिजे. लिपी मूल आज वाचते तीच असावी. शब्द घरातले असावेत. घरात कोकणी किंवा दखनी बोलत असाल तर तसेच लिहा, पुस्तकी मराठीचा आग्रह नको. दादीला किंवा नानाला लिहिता येत नसेल तर त्यांनी सांगावे आणि दुसऱ्याने जसेच्या तसे उतरवावे, वाक्ये "सुधारू" नयेत. खाली त्यांनी स्वतःच्या हाताने काहीतरी उमटवावे, मग तो अंगठा का असेना.

कागद, शाई आणि पाकीट

मोबाईलवरचा संदेश फोन बदलला की शोधावा लागतो. कागद टिकतो, पण कोणताही नाही. वर्तमानपत्रासारख्या स्वस्त कागदात लाकडाचा लगदा असतो. तो उजेड आणि हवा लागून पिवळा पडतो आणि तुकडे पडू लागतात. दुकानाच्या बिलाचा गुळगुळीत कागद उष्णतेवर छापायचा असतो, त्यावर घाईत काही लिहू नये. झेरॉक्सचा चांगला पांढरा कागद किंवा चित्रकलेच्या वहीचे पान ठीक. चित्रकलेच्या कागदाच्या गठ्ठ्यावर "अ‍ॅसिड-फ्री" असे छापलेले असेल तर उत्तम.

साधे काळे किंवा निळे बॉलपेन वापरावे. त्याची शाई तेलकट असते, थेंबभर पाण्याने पसरत नाही. धुऊन निघणारी फाउंटन पेनची निळी शाई आणि रंगीत स्केचपेन पाण्याने पसरतात, उजेडाने फिकट होतात. शिसपेन्सिल मात्र भरवशाची. तिच्यात ग्राफाइट म्हणजे कार्बन असतो, तो उडत नाही. खोडरबरापासून जपले की झाले.

कार्डाचे रंग बहुधा स्केचपेनचेच असतात, म्हणून ते उन्हाच्या भिंतीवर वर्षभर लावू नये. पहिल्याच दिवशी फोटो काढावा: खिडकीजवळ पण थेट ऊन नसेल तिथे कार्ड सपाट ठेवून, मोबाईल बरोबर वरून धरून. समोरची बाजू, आतली आणि मागची, तिन्ही घ्यावीत. मुन्नीच्या कार्डाची गंमत मागेच होती.

लॅमिनेशनचा मोह टाळावा. ते गरम यंत्रातून जाते. मेणाचे खडू वितळतात, चिकटवलेला चांद दबतो आणि एकदा केलेले पुन्हा काढता येत नाही. निसटलेला तुकडा सेलोटेपने चिकटवू नये; टेप काही वर्षांत पिवळी होऊन सुटते आणि डाग राहतो. पांढऱ्या फेविकॉलचा लहानसा थेंब बरा. पिठाची खळ नको, ती कसर खाते. स्टेपलरची पिन कोकणच्या हवेत एका पावसाळ्यात गंजते, म्हणून पत्र कार्डाला टोचू नये, दोन्ही नुसती एका पाकिटात ठेवावीत.

मुन्नीचे कार्ड दोह्यात आहे आणि पत्र इथे. म्हणून अम्मीने चाचांकडून आलेले पत्र, ती नोट आणि कार्डाच्या तीन फोटोंच्या प्रती साध्या कागदी पाकिटात घातल्या. पाकिटावर पेन्सिलीने मुन्नीचे नाव, वय आणि साल लिहिले. पाकीट कपाटाच्या आतल्या खणात आहे. पावसाचे पाणी मुरणाऱ्या बाहेरच्या भिंतीला लागून नाही आणि स्वयंपाकघराच्या माळ्यावरही नाही. दरवर्षी पावसाळा संपला की कोरड्या दिवशी ते उघडून पाहायचे ठरले आहे. कागदावर राखाडी-हिरवे ठिपके किंवा कुबट वास आला तर बुरशी लागली असे समजावे. कागद सावलीत, मोकळ्या हवेत पूर्ण सुकवावा आणि मग नव्या पाकिटात ठेवावा.

देताना

पत्र मुलाच्या हातात द्यावे आणि आपण बाजूला व्हावे. पाहुण्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवू नये, मुलाला विचारल्याशिवाय मोबाईलच्या स्टेटसवर लावू नये. ते पत्र त्याचे आहे. धाकट्याने कार्ड केले नसेल तर त्याला या पत्रावरून टोमणा मारू नये; त्याने काही केले की त्याला त्याचे पत्र मिळेल. आणि फार उशीर करू नये. आठवडाभरात लिहिले तर चमच्याची पाठ, पुस्तकात दाबलेला कागद हे सगळे आठवते. महिन्याभराने "फार छान होते" एवढेच उरते.

मुन्नीने पत्र दोनदा वाचले आणि दहाची नोट उजेडात धरून खरी आहे ना ते पाहिले. मग वहीचे पान घेऊन शीरखुर्मा कसा झाला होता ते लिहायला बसली. खारीक जास्त झाली होती, असे तिने लिहिले आहे.